एसी सुरू होताच एमसीबी पडतो? आधी त्यावरचं अक्षर वाचा

नाशिकला सिडकोतल्या जुन्या घरांत उन्हाळ्यात हे हमखास दिसतं: दीड टनाचा साधा, इन्व्हर्टर नसलेला एसी लावला, पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर चालू होताच एमसीबी खाली. एसी चालू असताना जेमतेम ७-८ अँपियर घेतो, पण कॉम्प्रेसर उठताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे ४० अँपियरच्या आसपास ओढतो.

बोर्डावर 'B10', म्हणजे B प्रकारचा १० अँपियर रेटिंगचा एमसीबी असेल, तर तो ३० ते ५० अँपियरच्या झटक्याला लगेच पडतो. 'C' प्रकार रेटिंगच्या पाच ते दहा पटीला पडतो. C20 असेल तर १०० अँपियरपर्यंतचा झटका सहन होतो.

पण फक्त एमसीबी बदलून भागत नाही. आत दीड चौरस मिलिमीटरची वायर तशीच ठेवून ३२ अँपियरचा बसवणं सगळ्यात वाईट; मग वायर तापली तरी तो पडणारच नाही. सगळे एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डापासून, म्हणजे डीबीपासून, एसीसाठी स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, C20 एमसीबी आणि २० अँपियरचं मेटल सॉकेट अशी जोडी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, अर्थिंगसकट. ६ अँपियरच्या सॉकेटला कन्व्हर्टर पिन लावून एसी चालवू नका.

एवढं करूनही कॉम्प्रेसर घुमून एमसीबी पडत असेल, तर एसीचा कपॅसिटर तपासायला सांगा. दहा-पंधरा मिनिटांनी पडत असेल, तर ढिला स्क्रू किंवा जादा लोड शोधा.