नीडल ते ग्रॅटिफिकेशन्स: तुलनेच्या उत्तरात या चुका टाळा

‘हायपोडर्मिक नीडलपासून युजेस अँड ग्रॅटिफिकेशन्सपर्यंतच्या सिद्धांतांची तुलना करा.’ पहिला म्हणतो, माध्यमाचा संदेश सुईसारखा थेट सगळ्यांच्या मनात शिरतो; दुसरा म्हणतो, माणूस आपल्या गरजेप्रमाणे माध्यम निवडतो. मुंबईत मास मीडिया शिकवणाऱ्या कॉलेजांत हा प्रश्न फिरून फिरून येतो आणि उत्तरंही फिरून फिरून तीच येतात. गठ्ठ्यातली पहिली काही उत्तरं वाचली की पुढची न वाचताही सांगता येतात. कुठल्या झेरॉक्सच्या दुकानातून कुठल्या नोट्स उचलल्यात तेही बऱ्याचदा कळतं, कारण स्पेलिंगच्या चुकासुद्धा सारख्याच असतात.

माझा सगळ्यात जुना राग 1938 च्या रेडिओ नाटकावर आहे. म्हणजे नाटकावर नाही, उत्तरात त्याचा जो वापर होतो त्यावर. जवळजवळ प्रत्येक पेपरात असं असतं: ‘30 ऑक्टोबर 1938 रोजी ऑर्सन वेल्सने सीबीएस रेडिओवर मंगळवासीयांच्या हल्ल्याचं नाटक सादर केलं, अमेरिकेत लाखो लोक घाबरून रस्त्यावर आले, यावरून हायपोडर्मिक नीडल सिद्ध होते.’ तारीख बरोबर, नाव बरोबर, निष्कर्ष उलटा.

एकदा एक मुलगी उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन तावातावाने आली. हुशार पोरगी, अक्षर मोत्यासारखं. हेच वाक्य तिने लिहिलं होतं आणि मी तिथेच गुण कापले होते. ‘मॅडम, गाईडमध्ये अस्संच दिलंय,’ म्हणाली आणि पानही उघडून दाखवलं. दिलं होतं खरं. मी तिला म्हटलं, ‘नीडल मॉडेल प्रेक्षकांबद्दल काय म्हणतं?’ धडाधड उत्तर आलं: सगळे निष्क्रिय, सगळे एकटे, संदेश सगळ्यांवर सारखाच परिणाम करतो. मग तिला आकडे लिहायला लावले. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाने प्रिन्स्टनमधून या घटनेचा अभ्यास केला, पुस्तक 1940 मध्ये आलं. त्याच्या अंदाजाने नाटक ऐकणारे साधारण 60 लाख आणि घाबरलेले साधारण 12 लाख. ‘आता भागाकार कर.’ पाचात एक. ‘मग उरलेल्या चौघांना सुई का टोचली नाही?’

तिने थोडा वेळ कागदाकडे पाहिलं आणि विचारलं, ‘म्हणजे हा दाखला लिहायचाच नाही का?’ हा प्रश्न मात्र मला आवडला.

लिहायचा, पण नीडलच्या बाजूने नाही. कँट्रिलचं काम वाचलं तर दिसतं की त्याने नेमकं हेच शोधलं: घाबरलं कोण आणि कोण नाही? नाटकाच्या सुरुवातीला हे नाटक आहे असं सांगितलं होतं, पण उशिरा रेडिओ लावणाऱ्यांनी ते ऐकलंच नाही. त्याच वेळी दुसऱ्या स्टेशनवर एक लोकप्रिय विनोदी कार्यक्रम चालू असायचा. त्यातलं गाणं लागलं की लोक बटण फिरवायचे आणि थेट नाटकातल्या खोट्या बातमीपत्राच्या मधोमध येऊन पडायचे. महिन्याभरापूर्वीच म्युनिकच्या पेचप्रसंगात रेडिओवर खऱ्याखुऱ्या युद्धाच्या बातम्या कार्यक्रम तोडून येत होत्या, त्यामुळे तशा आवाजाची कानांना सवय होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं: काही जणांनी पडताळून पाहिलं. कुणी दुसरं स्टेशन लावलं, कुणी वर्तमानपत्रातला कार्यक्रमांचा तक्ता बघितला, कुणाला कथाच अशक्य वाटली. काहींनी खिडकीतून बाहेर डोकावलं आणि रस्त्यावर गाड्या दिसल्या नाहीत तेव्हा ‘रस्ते उद्ध्वस्त झालेत’ असा अर्थ काढला. एकच आवाज, एकच वेळ, आणि तरी प्रत्येक घरात वेगळी गोष्ट. नीडलच्या ‘सारखाच परिणाम’ला सुरुंग लावणारा याहून चांगला दाखला नाही आणि पोरं तोच नीडलच्या बाजूने उभा करतात.

आकड्यांबद्दल सावध राहा. कँट्रिलच्या सविस्तर मुलाखती 135 जणांच्या होत्या आणि त्यातले बहुतेक घाबरले होते म्हणूनच निवडले होते. म्हणून 12 लाख लिहाल तर पुढे ‘अंदाज’ हा शब्द हवाच. ‘अख्खी अमेरिका रस्त्यावर’ लिहाल तर तुम्ही त्या वेळच्या वर्तमानपत्रांचे मथळे उतरवताय, संशोधन नाही.

याला जोडून एक ओळीची चूक: ‘हायपोडर्मिक नीडल सिद्धांत लासवेलने मांडला.’ लासवेल हा अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ, त्याचं 1927 चं पुस्तक पहिल्या महायुद्धातल्या प्रचारतंत्रावर आहे. नीडल हे नाव नंतरच्या अभ्यासकांनी आधीच्या काळच्या समजुतीला चिकटवलेलं लेबल आहे. ‘या विचाराशी लासवेलचं नाव जोडलं जातं’ एवढं लिहा, कुणी गुण कापणार नाही. आणि त्याचं 1948 चं ‘कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कुणाला, कोणत्या परिणामासह’ हे सूत्र म्हणजे नीडल नव्हे.

आणखी एक ओळ, मुंबईच्या पोरांसाठी. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्याला तो दाखला ‘माध्यमांची सुई’ म्हणून देऊ नका. ती बातमी फोनवरून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून पसरली. टीव्ही आणि वर्तमानपत्रं तिच्या मागून धावत आली.

आता दुसरी लाडकी चूक. प्रश्नात ‘तुलना करा’ असतं आणि उत्तरात असतात चार निबंध: नीडलवर एक पान, टू-स्टेप फ्लोवर एक, माध्यमांचा परिणाम मर्यादितच असतो म्हणणाऱ्या लिमिटेड इफेक्ट्सवर अर्धं, ग्रॅटिफिकेशन्सवर एक, आणि शेवटी ‘अशा प्रकारे सर्व सिद्धांत महत्त्वाचे आहेत’. सप्लिमेंटवर सप्लिमेंट लावलेली असते, पण तुलनेचं एक वाक्य सापडत नाही. रात्री पाठ करून सकाळी ओकायचं म्हटलं की हेच होणार. एकेक सिद्धांत पाठ करता येतो, दोघांमधला फरक पाठ करता येत नाही, तो समोरासमोर ठेवूनच दिसतो.

मी पोरांना तीनच प्रश्न हातात देते आणि प्रत्येक सिद्धांताला तेच तीन विचारायला लावते. प्रेक्षक कसा धरलाय? माध्यम आणि माणूस यांच्या मध्ये कोण आहे? आणि हे म्हणायला पुरावा कुठून आणला? परिच्छेद प्रश्नांचे पाडायचे, सिद्धांतांचे नाहीत. तक्ता काढणाऱ्यांना मी अडवत नाही, पण नुसता तक्ता म्हणजे शाई वाचवायचा प्रकार. चौकोनात ‘सक्रिय’ लिहिलं की झालं असं वाटतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कसं दिसावं ते बघा, साधारण माझ्या पद्धतीने:

‘नीडलच्या कल्पनेत माध्यम आणि माणूस यांच्या मध्ये कुणीच नाही. लाझार्सफेल्ड, बेरेलसन आणि गोडे यांनी 1940 च्या अमेरिकन निवडणुकीत ओहायोतल्या एरी काउंटीमध्ये 600 मतदारांच्या गटाला मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून पाहिलं. प्रचारामुळे पक्ष बदललेले मतदार थोडे, सुमारे 8 टक्के. निम्म्याहून अधिकांचं आधीचंच मत पक्कं झालं. लोक आपल्या माणसांच्या बोलण्याचा उल्लेख वारंवार करत होते, त्यातून माध्यमाकडून ओपिनियन लीडरकडे, म्हणजे ज्याचं मत आसपासचे ऐकतात त्याच्याकडे, आणि त्याच्याकडून इतरांकडे असा टू-स्टेप फ्लो सुचला. युजेस अँड ग्रॅटिफिकेशन्समध्ये मध्ये उभी असते ती प्रेक्षकाची स्वतःची गरज. तो काय निवडतो आणि त्यातून काय मिळवतो, हे आधी विचारलं जातं.’

सात वाक्यं, तीन सिद्धांत, आणि तुलना तिथल्या तिथे. ‘सुचला’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. एरी काउंटीत तो प्रवाह थेट मोजला नव्हता. कुणी कुणावर प्रभाव टाकला याचा माग काट्झ आणि लाझार्सफेल्डने नंतर इलिनॉयमधल्या डिकेटर शहरात घेतला, ते पुस्तक 1955 चं. ‘एरी काउंटीने टू-स्टेप फ्लो सिद्ध केला’ हे वाक्य म्हणून अर्धवट आहे. आणि ‘माध्यमांचा काहीच परिणाम होत नाही’ हा त्यावरून काढलेला निष्कर्ष तर पूर्ण चूक. मत पक्कं होणं हाही परिणामच, 1960 मध्ये क्लॅपरने लिमिटेड इफेक्ट्समध्ये मुख्यतः तेच मांडलं.

तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हातच लावत नाहीत आणि गुण तिथेच असतात. ग्रॅटिफिकेशन्सचा पुरावा काय, तर बहुतांशी लोकांनी स्वतः सांगितलेली कारणं. समजा गिरगावातल्या एका काकूंना विचारलं की संध्याकाळची मालिका का बघता. त्या म्हणतील, ‘जरा डोक्याला आराम.’ पण स्वयंपाकघरातला कुकर गॅसवर असताना, नवऱ्याने रिमोट धरलेला असताना, दुसरं काही लावायची सोय नसताना त्या तीच मालिका बघत असतील, तर ही निवड म्हणायची की सवय? काकू खोटं बोलत नाहीत, पण आपण एखादी गोष्ट का करतो हे माणसाला नेहमी नीट सांगता येतंच असं नाही. त्यात भर म्हणजे गरजेवरून वापर सांगायचा आणि वापरावरून गरज, असं गोल गोल फिरायचा धोकाही याच सिद्धांतात आहे. ही टीका ज्या उत्तरात असते, तिथे माझं पेन आपोआप वरचा आकडा लिहितं.

काळाच्या बाबतीतही एक गोंधळ आहे. ‘1974 मध्ये काट्झ, ब्लमलर आणि गुरेविच यांनी हा सिद्धांत शोधला.’ त्यांनी आधीपासून चालत आलेल्या कामाची मांडणी केली. 1945 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वर्तमानपत्रं पोचवणाऱ्यांचा संप झाला तेव्हा बेरेलसनने लोकांना विचारलं की पेपर नसल्याने काय चुकतंय, आणि बातमीइतकीच सवय, बोलायला विषय अशी कारणं पुढे आली. त्याहीआधी, 1941 मध्ये, हर्टा हर्त्सोगने रेडिओवरच्या दुपारच्या मालिका ऐकणाऱ्या बायकांच्या मुलाखती छापल्या. भावनांना वाट मिळते, मनातली इच्छा कथेत पुरी होते, घरच्या अडचणीत कसं वागावं याचा सल्ला मिळतो, असं त्या सांगत होत्या. हा शेवटचा मुद्दा उत्तरात जरूर घ्या. मालिकेतून सल्ला घेऊन बाई घरी तसं वागली, तर तो वापरही झाला आणि परिणामही. ‘नीडल म्हणजे परिणाम, ग्रॅटिफिकेशन्स म्हणजे परिणाम नाही’ अशी रेघ मारणारं उत्तर इथे कोसळतं.

आणि हीच हर्त्सोग कँट्रिलच्या रेडिओ नाटकाच्या अभ्यासातही होती. एका टोकाचा दाखला आणि दुसऱ्या टोकाची सुरुवात, दोन्हीत तीच बाई, काही वर्षांच्या अंतराने नव्हे तर जवळजवळ एकाच काळात. ‘आधी नीडल, मग टू-स्टेप, मग ग्रॅटिफिकेशन्स’ अशी लोकलच्या स्टेशनांसारखी रांग लावणाऱ्यांनी ही तारीख बघावी. शिकवायला सोयीची म्हणून ती रांग पुस्तकात असते. त्या मुलीने नंतरच्या परीक्षेत नेमकी हर्त्सोगच घेतली, नाव दोनदा चुकीचं लिहिलं, आणि मी ते सोडून दिलं.