डेरिव्हेटिव्ह सूटचा पहिला ड्राफ्ट आणि माझी खाल्लेली माती

कंपनी लॉच्या चेंबरमध्ये नवीन लागलेल्या ज्युनियर्ससाठी लिहितोय, कारण ही चूक मी स्वतः केलीय आणि आता माझ्याकडे येणारा दर दुसरा ज्युनियर तीच करतो.

क्लायंट एक काका, एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत त्यांचे 18 टक्के शेअर्स. बाकी सगळं मेन डायरेक्टर आणि त्याच्या घरच्यांकडे. झालं असं की कंपनी जो कच्चा माल घ्यायची तो अचानक डायरेक्टरच्या बायकोच्या फर्मकडून यायला लागला, बाजारभावापेक्षा किलोला 14 रुपये जास्त देऊन. महिन्याला 20 टन, म्हणजे 2 लाख 80 हजार रुपये जादा, दोन वर्षांत 67 लाख 20 हजार. काकांनी कॅल्क्युलेटर काढून त्याचे 18 टक्के केले आणि म्हणाले, "माझे बारा लाख खाल्ले ना रे त्यानं!"

मी पण तसाच प्लेंट लिहिला, की डिफेंडंटनी वादीला बारा लाख द्यावेत वगैरे. माझ्या सीनियर मॅडमनी प्रेयरवर लाल पेनानं आडवी रेघ मारली आणि विचारलं, "माल कोणी विकत घेतला? काकांनी?"

तिथे ट्यूब पेटली. पैसे कंपनीचे गेलेत, काकांचे नाही, त्यांच्या शेअरची किंमत घटली असेल पण ती कंपनीच्याच नुकसानीची सावली. 1843 च्या फॉस विरुद्ध हार्बॉटलपासून नियम हाच आहे की कंपनीचं नुकसान झालं तर दावा कंपनीनं लावायचा. आता कंपनीचा कारभार ज्याच्या हातात त्यानंच पैसे काढलेत, तो स्वतःवर केस करायचा ठराव करेल का? म्हणून अपवाद म्हणून शेअरहोल्डर कंपनीच्या वतीनं उभा राहतो, हाच डेरिव्हेटिव्ह सूट. त्यामुळे प्लेंटमध्ये पूर्ण 67 लाख 20 हजार मागायचे आणि ते कंपनीच्या खात्यात भरा असं मागायचं. कंपनीला डिफेंडंट करायचं, हे सुरुवातीला विचित्र वाटतं, पण ती वकालतनाम्यावर सही करणार नाहीये, आणि निकाल तिला लागू व्हायचा तर ती रेकॉर्डवर हवीच.

दुसरी गोष्ट, नुसतं "डायरेक्टरनं वाईट सौदा केला" एवढ्यावर हा सूट टिकत नाही. दोन इंग्लिश केसेस शेजारी ठेवून वाचा, आपल्याकडे 2013 च्या कंपनी कायद्यात डेरिव्हेटिव्ह सूटसाठी वेगळं कलम नाही त्यामुळे असले निकालच कामी येतात. पाव्हलिडीस विरुद्ध जेन्सन, 1956: कंपनीची ॲस्बेस्टॉसची खाण 1,82,000 पाउंडला विकली, आरोप असा की तिची किंमत दहा लाखांच्या घरात होती. दावा चालला नाही, कारण आरोप फक्त निष्काळजीपणाचा, डायरेक्टरांच्या खिशात काही गेल्याचं कुणी म्हटलंच नव्हतं. उलट डॅनियल्स विरुद्ध डॅनियल्स, 1978: कंपनीची जमीन डायरेक्टर बाईंनी स्वतःच 4,250 पाउंडला घेतली आणि चार वर्षांनी 1,20,000 ला विकली. इथे फसवणुकीचा आरोपसुद्धा नव्हता तरी दावा चालू दिला, कारण फायदा त्यांना स्वतःला झाला होता. थोडक्यात, पैसा कुठे गेला ते दाखवा, नाहीतर मेंटेनेबिलिटीवरच गचका.

आमच्या केसमध्ये हे कागदावर सापडलं. कंपनीच्या बोर्ड रिपोर्टला AOC-2 जोडलेला असतो, रिलेटेड पार्टीच्या व्यवहारांचा, त्यात बायकोची फर्म नव्हतीच. पण ताळेबंदाच्या मागच्या नोट्समध्ये ऑडिटरनं खरेदीची रक्कम आणि फर्मचं नाव छापलेलं! मग MBP-4 चं, म्हणजे डायरेक्टरांचा हितसंबंध असलेल्या करारांचं रजिस्टर बघायला आम्ही काकांना कंपनीच्या ऑफिसात पाठवलं, मेंबरला ते बघायचा हक्क असतो. त्यातही नोंद नव्हती. डायरेक्टरनं नातं लपवलं हे दाखवायला ही दोन रिकामी पानं पुरेशी होती.

समोरचे वकील हमखास दोन गोष्टी काढणार. एक, कलम 430, की सिव्हिल कोर्ट कशाला, NCLT या कंपनी ट्रिब्युनलमध्ये जा. दिल्ली हायकोर्टानं 2016 मध्ये राजीव सौमित्र विरुद्ध नीतू सिंगमध्ये असा सूट चालू दिलाय, तो निकाल जवळ ठेवा. पण जर तक्रार "मला दाबतायत" अशी असेल तर 241 चाच रस्ता, तिथे शेअर कॅपिटल असलेल्या कंपनीत साधारण दहावा हिस्सा किंवा ठराविक मेंबर लागतात, काकांकडे 18 टक्के म्हणजे तोही दरवाजा उघडा होता. दुसरी गोष्ट, तुमच्या क्लायंटनं आधी मान डोलावली होती का. हे मी विचारलंच नव्हतं! फाइलिंगच्या आदल्या दिवशी मॅडमनी विचारलं तर काका म्हणाले, "पहिल्या वर्षी त्या ठरावावर माझी सही आहे बहुतेक, तेव्हा मी पण डायरेक्टर होतो."

रात्री साडेअकरापर्यंत जुनी मिनिट्स चाळली. सही होती, पण ठराव "नवीन सप्लायर" एवढाच, रेटही नाही आणि बायकोचं नावही नाही. तो परिच्छेद आम्ही स्वतःच प्लेंटमध्ये टाकला, विरोधकांनी काढायच्या आधी.

आणि हो, खर्चाचं क्लायंटला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा. फी काकांच्या खिशातून, जिंकलं तर पैसे कंपनीला. काका पाच मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे भांडू मी आणि भरेल कंपनीची तिजोरी, ज्याची चावी त्याच्याचकडे?" कंपनीनं खर्च द्यावा म्हणून कोर्टाकडे मागता येतं, 1975 च्या वॉलरस्टायनर विरुद्ध मॉयरवरून, ते आम्ही मागितलं. पण मिळेलच असं काकांना सांगितलं नाही.