उसनी पेटी, पाच काळ्या पट्ट्या आणि माझी पहिली चाल

पेटीवर स्वतःची चाल बसवायची म्हणजे आधी निदान पाचसहा राग यायला पाहिजेत असं बऱ्याच नव्या लोकांना वाटतं, मलाही वाटायचं. मी पहिली चाल केली तेव्हा मला रागाचं नाव सोडा, सा कुठला तेही माहीत नव्हतं. ती कशी झाली, कुठे फसली ते सगळं सांगते, नुकतीच पेटी हातात आलेल्यांना उपयोग होईल.

माझं गाव माणदेशातलं, सातारा जिल्हा. मी नववीत होते आणि लाजरी म्हणजे इतकी की वर्गात हजेरी देतानासुद्धा मान खाली. देवळात गुरुवारी भजन असायचं, पेटीवर तात्या. नात्यातले नाहीत पण सगळं गाव त्यांना तात्याच म्हणायचं. मी खांबामागे बसून त्यांची बोटं बघायचे. एकदा भजन संपल्यावर मंडळाचं सामान आमच्या पडवीत ठेवायची वेळ आली कारण देवळाच्या खोलीचं छप्पर काढलं होतं, आणि तात्या जाता जाता मला म्हणाले, "पोरी, नुसती झाकून ठिवू नको, रोज जरा भाता हलव, न्हायतर सूर धरून बसत्यात." बस्स, एवढीच परवानगी. एकवीस दिवस पेटी आमच्याकडे होती.

वाजवायला बसले की पहिली अडचण लाजेची. कुणी ऐकलं तर? म्हणून रात्री जेवणं झाल्यावर, हवा सोडायचा पुढचा एकच खटका ओढून, भाता अगदी हळू. आणि इथेच पहिला गोंधळ झाला. खालच्या पट्ट्या दाबल्या की आवाजच येईना, मला वाटलं मोडली आपल्या हातून, रात्रभर झोप नाही. खरं म्हणजे मोडलं काहीच नव्हतं. खालच्या सुरांच्या पितळी पत्त्या लांब आणि जड असतात, त्यांना बोलायला हवा जास्त लागते आणि वेळही लागतो. भात्यात हवा कमी असेल तर वरचे सूर लगेच वाजतात आणि खालचे उशिरा, किंवा नाहीच. त्यामुळे आवाज कमी करायचा तर भाता उपाशी ठेवू नका, खटके कमी उघडा आणि हवा मात्र एकसारखी भरत राहा. दर मात्रेला भात्याला धक्का देणारे नवशिके मी आजही बघते, त्यांचा सूर दम लागल्यासारखा हलतो.

(पेटी फुटकी आहे का बघायचं असेल तर खटके उघडून, एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि हात सोडा. भाता फस्सकन बसला तर हवा कुठेतरी गळतेय. सावकाश बसला तर ठीक. जुनी पेटी थोडी गळतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.)

आता चालीकडे. पेटीच्या सगळ्या पट्ट्या बघून मला काही सुचेना म्हणून मी ठरवलं की पांढऱ्यांना हातच लावायचा नाही, फक्त काळ्या. कारण शास्त्रीय बिस्त्रीय काही नाही, काळ्या कमी आहेत आणि वर उठून आहेत म्हणून अंधारात सापडतात! काळ्यांचे दोन गट असतात, एक दोघींचा म्हणजे काळी १ आणि २, एक तिघींचा म्हणजे काळी ३, ४, ५. मी त्या तिघींवर बोटं ठेवली आणि मग पुढच्या दोघींवर गेले, आणि काहीही वाजवलं तरी ते गोडच लागायला लागलं. मला वाटलं मी फारच हुशार आहे.

त्यामागची गंमत नंतर कळली. काळी ३ ला सा धरला तर काळी ४ रे होते, काळी ५ ग, पुढची काळी १ प आणि काळी २ ध. सा रे ग प ध, म्हणजे भूप राग. म आणि नी त्यात नाहीतच, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन पट्ट्या एकमेकींना बोचतात तसं कुठेच होत नाही. थोडक्यात हुशारी माझी नव्हती, पट्ट्यांच्या मांडणीची होती. पण सुरुवात करायला याहून सोपी जागा मला तरी माहीत नाही.

शब्द माझेच होते, वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले आणि कुणाला न दाखवलेले:

विहिरीच्या काठी । घागर बुडते ।
पाणी हुंकारते । माझ्यासाठी ॥

मोठ्या अभंगाचं माप आहे हे, पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरं आणि शेवटच्यात चार, दुसऱ्या तिसऱ्याचं यमक. हे माप मला कुणी शिकवलं नव्हतं, लहानपणापासून कानावर अभंग पडून पडून ते आपोआप आलं. चालीसाठी हे माप फार सोयीचं असतं कारण भजनी ठेका आठ मात्रांचा. एका अक्षराला एक मात्रा दिली की सहा अक्षरांत सहा मात्रा जातात आणि शेवटचं अक्षर आणखी दोन मात्रा ओढायचं, तिथेच श्वास घ्यायचा. चौथ्या चरणात चारच अक्षरं, तर प्रत्येकाला दोन मात्रा. म्हणजे चाल आपोआप शेवटी संथ होते, थांबायची तयारी करते.

तीन रात्री मी ते गुणगुणत बसले. आणि पहिल्या दोन रात्री जे सुचलं ते सकाळी पार विसरले. "आता पक्कं डोक्यात बसलंय" यावर कधीच विश्वास ठेवू नका. तिसऱ्या रात्री मी अक्षरांच्या खाली पट्ट्यांचे नंबर लिहिले, का३, का४ असे. स्वरलिपी येत नव्हती तरी काही अडलं नाही. आज स्वरांत लिहिलं तर ते असं होतं:

वि हि री च्या का ठी ऽ ऽ
ग ग रे सा रे ग ऽ ऽ

घा ग र बु ड ते ऽ ऽ
प प ध प ग रे ऽ ऽ

पा णी हुं का र ते ऽ ऽ
सा रे ग प ध प ऽ ऽ

मा ऽ झ्या ऽ सा ऽ ठी ऽ
ग ऽ रे ऽ सा ऽ ध ऽ (हा ध खालचा)

घागर बुडते तिथे सूर खाली उतरतात आणि पाणी हुंकारतं तिथे वर चढतात, हे मात्र मी मुद्दाम केलं होतं आणि त्याचा मला भयंकर अभिमान होता.

पण काहीतरी खटकत होतं. चाल संपली असं वाटेचना. मी परत पहिल्यापासून म्हणायचे, परत तेच, जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि तिथे नसावी तसं. शेवटी एका दुपारी तात्या पेटी बघायला आले तेव्हा आईने परस्पर सांगून टाकलं की पोरीनं काहीतरी बसवलंय. मला पळून जावंसं वाटलं. त्यांच्यासमोर गायले नाहीच, नुसती वाजवली, तीही भिंतीकडे तोंड करून. तात्यांनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, "ह्या चालीचं घर कुठं हाय?"

मला काही कळेना. मग त्यांनी काळी ३ आणि तिचा पंचम म्हणजे वरची काळी १, दोन्ही दाबून धरल्या आणि म्हणाले आता वरून म्हण. पहिले तीन चरण त्या आवाजात मस्त मिसळले आणि शेवटच्या 'ठी'ला, खालच्या धवर आले तेव्हा सरळ ऐकू आलं की मी दाराबाहेरच उभी आहे. त्याच पाच काळ्या पट्ट्या, पण काळी २ वर जाऊन थांबलं की कान तिलाच सा समजायला लागतो, आणि काळी २ सा धरला तर त्याच पट्ट्यांतून भूप नाही, धानी निघतो. म्हणजे माझी चाल तीन चरण एका घरात आणि चौथा दुसऱ्याच्या ओसरीवर. सूर तेच असले तरी थांबायची जागा बदलली की सगळं बदलतं. काळी ५ ला सा धरून बघा, त्याच पाच पट्ट्यांत मालकंस सापडेल, काळी १ ला दुर्गा.

दुरुस्ती किती होती? फक्त दोन सुरांची अदलाबदल. सा–ध च्या ऐवजी ध–सा. ग रे, मग खालचा ध, आणि मग सा. 'ठी' सावर येऊन टेकली. मी वहीत खोडून लिहिलं आणि हात थरथरत होता, हे आठवतं.

अजून एक गोष्ट त्याच दिवशी कळली. 'हुंकारते'वर मी गळ्याने ग पासून प पर्यंत ओढत जायचे, पेटीवर मात्र ते टक् टक् वाजायचं. पेटीला मींड येत नाही, दोन पट्ट्यांच्या मधली जागा तिच्याकडे नाहीच. याच कमीपणावरून तिच्यावर खूप टीका झाली, आकाशवाणीवर तर 1940 ते 1971 पेटीला बंदी होती. चाल करणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं की पेटीवर सांगाडा करा आणि मग पेटी बंद करून गाऊन बघा. जी चाल फक्त पट्ट्यांवर सुचते ती गळ्यात जिन्यासारखी वाजते. मी त्या नंतर विहिरीवर जाता येता म्हणायला लागले, तिथे कुणी नसायचं.

मग एकादशी आली. तात्या म्हणाले चुलतबहीण गाईल, तू वाजव. बरं झालं, गायचं नव्हतं. पण मंडळाचा सूर होता काळी १! माझी सगळी बोटं काळी ३ वर पाठ. काळी १ ला सा धरला तर रे काळी २, प काळी ४ आणि ध काळी ५, पण ग मात्र पांढरी ४. एकच पट्टी पांढरी, आणि तीच बोटाला आठवेना. पहिल्याच 'वि'वर काळ्या पट्ट्यांच्या सवयीने शेजारची काळी ३ दाबली, ती इथे म होते, आणि भूपाचा क्षणात दुर्गा झाला. पखवाजवाल्याने माझ्याकडे बघितलं, माझे कान गरम. दुसऱ्या वेळेला सापडली. तुम्ही सुरुवातीलाच चाल दोन तीन सुरांतून वाजवून ठेवा. पांढरी ४ ला सा धरला तर भूप पूर्ण पांढऱ्यांवर बसतो, तिथून सुरू केलंत तरी चालेल.

तिसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा मागच्या बायकाही म्हणायला लागल्या होत्या. भजन संपल्यावर मी पेटीला खोळ घालत होते तर एक म्हातारीशी आजी जवळ येऊन विचारते, "कुठली गं चाल ही? आमच्या येळची वाटती."

मी मान खाली घालून म्हटलं, "हो आजी, जुनीच आहे."

तात्या तिकडे टाळ पिशवीत भरत होते, हसू दाबत.