मिश्रणाचा बाष्पदाब नियमापेक्षा कमी की जास्त, हे रेणूंकडे पाहून कसं ओळखावं

दोन द्रव एकमेकांत मिसळले की मिश्रणाचा बाष्पदाब किती असेल, हे राउल्टच्या नियमाने काढता येतं. प्रत्येक घटकाचा शुद्ध अवस्थेतला बाष्पदाब घ्यायचा, त्याला त्या घटकाच्या मोल अंशाने गुणायचं आणि दोन्ही उत्तरांची बेरीज करायची. प्रत्यक्ष मोजणी या बेरजेपेक्षा जास्त आली तर विचलन धन, कमी आली तर ऋण. ही व्याख्या पाठ असते, पण समोर दोन द्रवांची नावं आली की विचलन कोणत्या बाजूला जाईल ते सांगताना अनेकजण अडतात. म्हणून ॲसिटोन आणि क्लोरोफॉर्म ही जोडी घेऊन पाहू.

आधी रेणू काढा

कागदावर दोन्ही रेणू काढा आणि दोनच प्रश्न विचारा: हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन द्यायला कोण तयार आहे? आणि तो धरून ठेवायला कोणाकडे इलेक्ट्रॉनांची जोडी आहे?

क्लोरोफॉर्ममध्ये एका कार्बनला तीन क्लोरीन आणि एक हायड्रोजन जोडलेला असतो. क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात, त्यामुळे हायड्रोजनवर थोडा धन प्रभार येतो आणि तो बंध द्यायला तयार होतो. पण शुद्ध क्लोरोफॉर्ममध्ये त्याला नीट धरणारं कोणी नसतं. ॲसिटोनचं उलट आहे. त्याच्या ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांच्या जोड्या आहेत, पण द्यायला योग्य हायड्रोजन नाही. म्हणजे शुद्ध अवस्थेत दोघांकडेही जे नाही ते मिसळल्यावर मिळतं: क्लोरोफॉर्मचा हायड्रोजन आणि ॲसिटोनचा ऑक्सिजन यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतो. परक्या रेणूची ओढ आपल्या जातभाईंच्या ओढीपेक्षा जास्त ठरते. रेणू द्रवात अडकून राहतात, वाफ कमी होते. अंदाज: ऋण विचलन.

मग आकड्यांनी तपासा

३५ अंश सेल्सिअसला शुद्ध क्लोरोफॉर्मचा बाष्पदाब ३६.४ किलोपास्कल आहे आणि शुद्ध ॲसिटोनचा ४६.३. क्लोरोफॉर्मचा मोल अंश ०.६ आणि ॲसिटोनचा ०.४ असलेलं मिश्रण घेऊ.

```
क्लोरोफॉर्म : 0.6 × 36.4 = 21.8
ॲसिटोन     : 0.4 × 46.3 = 18.5
नियमानुसार  : 40.3 kPa
मोजलेला     : 18.9 + 12.3 = 31.2 kPa
```

तब्बल ९ किलोपास्कलची तूट. दोन्ही घटकांचे दाब वेगवेगळे पाहिले तर तुटीचा मोठा वाटा ॲसिटोनचा आहे. इथे क्लोरोफॉर्मचे रेणू जास्त असल्याने ॲसिटोनच्या बहुतेक रेणूंना बंधासाठी जोडीदार मिळतो, म्हणून हे साहजिकच आहे. आणखी एक गोष्ट पाहा: ३१.२ हा आकडा दोन्ही शुद्ध द्रवांच्या बाष्पदाबापेक्षाही खाली आहे. त्यामुळेच ॲसिटोन ५६ अंशांना आणि क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळत असलं, तरी त्यांचं एक ठराविक मिश्रण ६४ अंशांच्या वर उकळतं.

हे कागदावरच करा. अल्कलीच्या संपर्कात ही जोडी जोरदार, उष्णता सोडणारी अभिक्रिया करते. प्रयोगशाळेतही या दोन द्रवांचा कचरा एका बाटलीत टाकू नये.

धन विचलनासाठी तेच प्रश्न

इथेनॉल आणि सायक्लोहेक्झेन घ्या. इथेनॉलचे रेणू आपसांत हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात. सायक्लोहेक्झेनकडे हायड्रोजन बंधासाठी द्यायलाही काही नाही आणि घ्यायलाही नाही. तो मध्ये घुसला की इथेनॉलचे काही बंध तुटतात, पण त्या बदल्यात तेवढी मजबूत ओढ मिळत नाही. रेणू सहज सुटतात, बाष्पदाब वाढतो. दोन्ही द्रव ८० अंशांच्या आसपास उकळतात, तर त्यांचं एक मिश्रण ६५ अंशांनाच उकळू लागतं.

इथे फसू नका

पुस्तकांत सोबत एक नियम असतो: ऋण विचलनात मिसळताना उष्णता बाहेर पडते आणि आकारमान घटतं, धन विचलनात याच्या उलट होतं. ॲसिटोन-क्लोरोफॉर्मच्या उष्णतेला तो लागू पडतो. पण इथेनॉल आणि पाण्याला लावा. ५० मिलिलिटर इथेनॉलमध्ये ५० मिलिलिटर पाणी ओतलं तर भांडं हाताला कोमट लागतं आणि मोजपात्रात १०० ऐवजी सुमारे ९६-९७ मिलिलिटरच भरतात. या दोन खुणांवरून कोणीही ऋण म्हणेल. मोजलेला बाष्पदाब मात्र धन विचलन दाखवतो!

कारण आकर्षण हा हिशेबाचा एकच भाग आहे. इथेनॉलच्या तेलकट टोकाभोवती पाण्याचे रेणू अधिक शिस्तीत मांडले जातात. ऊर्जा सुटते, पण अव्यवस्था अपेक्षेइतकी वाढत नाही, म्हणजेच एन्ट्रॉपीत तोटा होतो. हा तोटा ऊर्जेच्या फायद्यापेक्षा मोठा ठरतो आणि रेणूंचा वाफेत जाण्याचा कल वाढतो. म्हणून ऊब आणि आकारमान ही सोबतची माहिती समजा, पण निकाल बाष्पदाबावरूनच द्या. याच धन विचलनामुळे वजनाने ९५.६ टक्के इथेनॉलचं मिश्रण ७८.२ अंशांना, म्हणजे शुद्ध इथेनॉलच्या किंचित आधी, उकळतं. तिथे वाफेत आणि द्रवात इथेनॉलचं प्रमाण सारखंच असतं, त्यामुळे त्याच दाबाखाली कितीही वेळा साधं ऊर्ध्वपातन केलं तरी उरलेलं पाणी वेगळं होत नाही.