लोकसंख्या मनोऱ्याच्या स्क्रीनशॉटवरून अवलंबित्व गुणोत्तर आणि सर्वांत मोठा वयोगट कसा काढावा

लोकसंख्या मनोरा पुष्कळदा एकट्या चित्राच्या रूपात हाती येतो. सोबत आकड्यांचा तक्ता नसतो, पट्ट्यांवर संख्या छापलेल्या नसतात, आणि तरीही दोन प्रश्नांची उत्तरे हवी असतात: सर्वांत मोठा वयोगट कोणता, आणि कार्यशील वयाच्या दर १०० व्यक्तींमागे अवलंबित वयाच्या व्यक्ती किती? ही दोन्ही उत्तरे चित्र मोजूनच बऱ्यापैकी अचूक काढता येतात. पुढील उदाहरणासाठी भारताच्या २०११ च्या जनगणनेचा मनोरा घेतला आहे, कारण त्याचे मूळ आकडे उपलब्ध असल्यामुळे चित्रावरून काढलेले उत्तर पडताळून पाहता येते.

मोजण्यापूर्वी चित्र वाचावे

आधी शीर्षकातील प्रदेश आणि वर्ष पाहावे. त्यानंतर पट्ट्या मोजाव्यात. पाच वर्षांचे गट ०–४ पासून सुरू होऊन वरचा गट ‘८० आणि अधिक’ असेल, तर प्रत्येक बाजूला १७ पट्ट्या असायला हव्यात. वरचा गट ‘१०० आणि अधिक’ असेल, तर २१. यापेक्षा कमी भरल्या, तर स्क्रीनशॉट घेताना वरचा किंवा खालचा भाग कापला गेला आहे, असे समजावे. वरचा कापलेला भाग चटकन लक्षात येत नाही, कारण तिथल्या पट्ट्या मुळातच आखूड असतात.

मग आडव्या अक्षावरील एकक पाहावे. तिथे संख्या असेल, किंवा ‘एकूण लोकसंख्येच्या टक्के’ असे असेल, तर काम सरळ आहे. काही मनोऱ्यांमध्ये मात्र पुरुषांची टक्केवारी एकूण पुरुषांवर आणि स्त्रियांची एकूण स्त्रियांवर काढलेली असते. हे ओळखण्याची खूण अशी की, अशा मनोऱ्यात एका बाजूच्या सर्व पट्ट्यांची बेरीजच १०० च्या आसपास जाते, तर एकूण लोकसंख्येवर काढलेल्या मनोऱ्यात दोन्ही बाजू मिळून १०० होतात. पहिल्या प्रकारात दोन्ही बाजूंच्या लांबी थेट मिळवू नयेत. पुरुषांच्या पट्ट्यांना एकूण लोकसंख्येतील पुरुषांच्या हिश्शाने आणि स्त्रियांच्या पट्ट्यांना स्त्रियांच्या हिश्शाने गुणून मगच बेरीज करावी. भारतासारख्या देशात ही दुरुस्ती राहून गेली तरी फरक नगण्य असतो. कतारमध्ये मात्र स्थलांतरित कामगारांमुळे पुरुषांची संख्या स्त्रियांच्या सुमारे अडीच पट आहे, आणि तिथे ती वगळली तर उत्तर साफ चुकते.

पट्टीची लांबी मोजणे

स्क्रीनशॉट पेंटसारख्या साध्या चित्र-प्रणालीत उघडावा. पेंटमध्ये चित्रावर कर्सर नेला की खालच्या कोपऱ्यात त्या बिंदूचे आडवे आणि उभे स्थान पिक्सेलमध्ये दिसते. शून्य रेषेचे आडवे स्थान टिपावे, पट्टीच्या टोकाचे टिपावे आणि वजाबाकी करावी. वयोगटांची नावे मधल्या मोकळ्या जागेत लिहिलेली असतील, तर शून्य रेषा दोन असतात, पुरुषांची वेगळी आणि स्त्रियांची वेगळी. अशा वेळी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकदम मोजले, तर मधली रिकामी जागा प्रत्येक वयोगटात मिसळते. वरच्या आखूड पट्ट्या त्यामुळे खूपच फुगतात आणि वृद्धांचे प्रमाण भलतेच मोठे दिसते. टोक अस्पष्ट असेल, तर रंग जिथे अर्ध्यावर फिका होतो ती जागा धरावी, आणि सगळ्या पट्ट्यांना हाच नियम लावावा.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. अवलंबित्व गुणोत्तर हा लांबींचा भागाकार असल्यामुळे त्यात एकक उरत नाही. चित्र लहान झालेले असो, मोठे झालेले असो किंवा आडवे ताणलेले असो, सर्व पट्ट्या सारख्याच प्रमाणात बदलतात आणि भागाकार तसाच राहतो. अक्षावरील आकडे वाचता येत नसले तरीही गुणोत्तर काढता येते, मात्र दोन्ही बाजूंची मोजपट्टी सारखी असली पाहिजे. तिरक्या कोनातून काढलेल्या पडद्याच्या फोटोला हे लागू होत नाही, कारण त्यात एका बाजूच्या पट्ट्या दुसऱ्या बाजूपेक्षा लांब दिसतात.

सर्वांत मोठा वयोगट

समजा आपल्या स्क्रीनशॉटमध्ये अक्षावरील १ टक्का म्हणजे ६० पिक्सेल भरतात. तर १०–१४ या गटात पुरुषांची पट्टी सुमारे ३४४ आणि स्त्रियांची ३१४ पिक्सेल येईल. बेरीज ६५८, तिला ६० ने भागले की सुमारे ११ टक्के. त्याच्या खालच्या ५–९ या गटाची बेरीज ६२९ आणि वरच्या १५–१९ या गटाची ५९७ येते. म्हणजे १०–१४ हाच सर्वांत मोठा वयोगट. जनगणनेच्या तक्त्यातही या गटात सुमारे १३.२७ कोटी मुले-मुली आहेत आणि एकूण लोकसंख्या १२१.०९ कोटी आहे, तेव्हा चित्र आणि तक्ता यांचा मेळ बसतो.

केवळ एका बाजूची सर्वांत लांब पट्टी पाहून उत्तर देऊ नये. या मनोऱ्यात दोन्ही बाजूंना एकच गट पुढे आहे, परंतु सर्वत्र तसे असेलच असे नाही. म्हणून दोन्ही बाजूंची बेरीज करूनच तुलना करावी. तसेच तुलनेतील सर्व गट सारख्या रुंदीचे असावेत. वरचा ‘८० आणि अधिक’ हा गट खुला असतो, त्यात किती वर्षांची वये येतात याला मर्यादा नसते, त्यामुळे वृद्धांचे प्रमाण मोठे असलेल्या देशात तो अचानक लांब दिसू शकतो. त्याला या तुलनेत धरू नये.

या मनोऱ्याचा पाया १०–१४ पेक्षा अरुंद आहे, आणि हे पाहताच जन्म घटल्याचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो बहुतांशी बरोबरही आहे. परंतु अगदी लहान मुले जनगणनेत नोंदवायची राहून जातात, हेही जगभर आढळणारे वास्तव आहे, म्हणून ०–४ च्या पट्टीची सगळी घट जन्मदरावर ढकलू नये.

अवलंबित्व गुणोत्तर

आता सर्व पट्ट्यांचे तीन ढीग करावेत: ०–१४, १५–६४ आणि ६५ व त्यापुढील. सूत्र असे आहे:

```
(०–१४ + ६५ व अधिक) ÷ (१५–६४) × १००
```

आपल्या मोजणीत पहिल्या ढिगात ०–४ चे ५५९, ५–९ चे ६२९ आणि १०–१४ चे ६५८ असे मिळून १८४६ पिक्सेल होतात. १५ ते ६४ या दहा गटांची बेरीज ३८०५ येते आणि वरच्या चार गटांची ३२८. अवलंबितांची एकत्र बेरीज २१७४ झाली; तिला ३८०५ ने भागून १०० ने गुणले की ५७.१ मिळतात. कार्यशील वयाच्या दर १०० व्यक्तींमागे सुमारे ५७ अवलंबित, असा त्याचा अर्थ. यातील सुमारे ४८.५ हा वाटा मुलांचा आणि ८.६ हा वाटा वृद्धांचा आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक पडताळणी करावी. तिन्ही ढीग मिळून ५९७९ पिक्सेल होतात, म्हणजे ६० ने भागल्यावर ९९.६ टक्के. १०० का भरले नाहीत? ज्यांचे वय नोंदवलेले नाही अशा सुमारे ४५ लाख व्यक्ती जनगणनेत वेगळ्या दाखवल्या आहेत आणि त्यांना मनोऱ्यात पट्टी नाही. इतकी तूट अपेक्षितच आहे. बेरीज ९५ किंवा १०४ आली असती, तर मात्र एखादी पट्टी सुटली आहे किंवा शून्य रेषा चुकली आहे, असे समजून पुन्हा मोजावे लागले असते.

मोजण्यातील बारीक चुकांनी एकूण गुणोत्तर फारसे हलत नाही. प्रत्येक पट्टी सरसकट २ पिक्सेल जास्त मोजली गेली, तरी उत्तर ५७.१ ऐवजी ५७.३ येते, कारण चूक अंश आणि छेद दोन्हींत वाटली जाते. वृद्धांचे गुणोत्तर मात्र त्याच चुकीने ८.६ वरून सुमारे ८.९ वर जाते. म्हणून सर्वाधिक काळजी वरच्या आखूड पट्ट्या मोजताना घ्यावी. चित्र मोठे करून मोजायचे असेल तर ते इथे.

६० की ६५?

भारतीय सरकारी अहवालांमध्ये वृद्ध म्हणजे बहुधा ६० वर्षे व त्यावरील व्यक्ती, तर आंतरराष्ट्रीय तुलनेत सामान्यतः ६५ ही सीमा धरतात. सीमा ६० वर आणली, की ६०–६४ ची १८७ पिक्सेलची जोडपट्टी छेदातून निघून अंशात जाते. अवलंबित २३६१, कार्यशील ३६१८, आणि गुणोत्तर ५७ वरून एकदम ६५ वर चढते. एकाच मनोऱ्यावरून दोन जाणकार व्यक्तींनी काढलेल्या उत्तरांत एवढा फरक दिसला, तर मोजणीवर शंका घेण्याआधी सीमा कोणती धरली ते विचारावे.

याच सीमेजवळ या मनोऱ्यात आणखी एक खुणेची जागा आहे. वय वाढेल तशा पट्ट्या आखूड होत जातात, पण ५५–५९ आणि ६०–६४ या दोन पट्ट्या जवळजवळ सारख्या आहेत, अनुक्रमे ३.९१ आणि ३.७७ कोटी. जन्मतारखेची नोंद नसलेली माणसे आपले वय ५८ किंवा ६३ असे न सांगता ‘साठ’ असे पूर्णांकात सांगतात, आणि त्यामुळे ६०–६४ हा गट फुगतो. सीमा ६० धरली की हा फुगवटा सरळ वृद्धांच्या बाजूला जमा होतो, हे लक्षात ठेवावे.

काही मनोऱ्यांत गट दहा वर्षांचे असतात: १०–१९, ६०–६९ असे. तेव्हा १५ आणि ६५ या सीमा पट्टीच्या मधोमध येतात आणि पट्टी अर्धी करण्यावाचून पर्याय उरत नाही. भारताच्या या आकड्यांवर तसे केले, तर १०–१९ च्या निम्म्या वाटणीत सुमारे ६१ लाख मुले कार्यशील वयात सरकतात आणि ६०–६९ च्या वाटणीत सुमारे ५६ लाख माणसे वृद्धांत जास्तीची मोजली जातात. दोन्ही चुका एकमेकींना खोडतात आणि उत्तर ५७.० येते. हा योगायोग आहे, त्यावर विसंबू नये: मुलांचे गुणोत्तर आणि वृद्धांचे गुणोत्तर वेगवेगळे दिले, तर दोन्ही चुकलेली असतील.

उत्तर लिहिताना दशांश चिन्हापुढचे आकडे सोडून द्यावेत आणि वर्ष व वयाच्या सीमा सोबत लिहाव्यात, जसे: ‘भारत, २०११ ची जनगणना: सर्वांत मोठा वयोगट १०–१४, एकूण लोकसंख्येच्या सुमारे ११ टक्के, अवलंबित्व गुणोत्तर सुमारे ५७ (कार्यशील वय १५–६४).’ मनोरा २०११ नंतरच्या एखाद्या वर्षाचा असेल, तर तो प्रत्यक्ष मोजणीचा नसून अंदाजाचा किंवा प्रक्षेपणाचा असण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा तो कोणत्या संस्थेने काढला तेही त्याच ओळीत नोंदवावे.