छोट्या खोलीतला अपराइट पियानो, दोन माइक आणि मधले ३० सेंटिमीटर

हा लेख अपराइट पियानोसाठी आहे, म्हणजे भिंतीला लावून ठेवायच्या उभ्या पियानोसाठी. नागपुरात घरोघरी तोच सापडतो. ग्रँड ठेवायला जागा कुणाकडे आहे? माझी खोली बारा बाय दहाची, पियानो साधारण १२० सेंटिमीटर उंच, आणि माइक दोन, एकाच मॉडेलचे कार्डिऑइड कंडेन्सर. केबल, स्टँड, इंटरफेस तुमच्याकडे आहेत असं धरून चालतो.

पियानो सुरात हवा. फक्त ज्या हवेत रेकॉर्ड करणार त्याच हवेत तो लावून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात रात्रंदिवस कूलर चालतो, त्या ओलाव्याने साउंडबोर्ड फुगतो आणि मधल्या सप्तकाचे सूर चढतात. मार्चमध्ये ट्यूनर येऊन गेला म्हणून निर्धास्त राहू नका. रेकॉर्डिंगच्या वेळी मात्र कूलर आणि पंखा दोन्ही बंद. घाम येणारच.

पियानो भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. साउंडबोर्ड मागच्या बाजूला असतो, भिंतीला चिकटवला तर आवाज घुमतो. वरचं झाकण पूर्ण मागे टाका. भिंतीमुळे ते उभंच राहत असेल तर त्यावर जाड गोधडी टाका, नाहीतर माइकच्या पाठीमागे लाकडी आरसाच उभा केल्यासारखं होतं. पुढची वरची फळी आतल्या दोन खिट्ट्या फिरवून काढून ठेवा.

आता माइक झाकणापासून किती वर? झाकणाच्या तोंडाशी अगदी लागून ठेवले तर हॅमरची टकटक, पेडलची करकर आणि एकेक सूर वेगवेगळ्या जोराने ऐकू येतो. ६० सेंटिमीटर वर नेले तर पियानोपेक्षा खोलीच जास्त ऐकू येते आणि सगळं डब्यात वाजल्यासारखं वाटतं. छोट्या खोलीत छत आणि भिंती इतक्या जवळ असतात की मोठ्या हॉलसारखं ‘जरा लांबून, मोकळं’ रेकॉर्डिंग मिळतच नाही. मी उघड्या तोंडापासून २० सेंटिमीटर वर थांबतो. माझ्या पियानोत हॅमर तोंडाच्या साधारण २५ सेंटिमीटर खाली आहेत, म्हणजे माइक ते हॅमर हे अंतर ४५ सेंटिमीटर होतं.

खरी गोची दोन माइकमधल्या अंतराची. माझी दोन वर्षं तिथेच गेली.

मला कुणीतरी ‘तीनास एक’चा नियम सांगितला होता: माइक पियानोपासून जेवढा दूर, त्याच्या निदान तिप्पट अंतर दोन माइकमध्ये ठेव. मी इमानेइतबारे माइक झाकणाच्या तोंडाशी आणले आणि एकमेकांपासून ९० सेंटिमीटरवर लावले, एक खर्जावर, एक तारसप्तकावर. हेडफोनवर काय सुंदर वाजत होतं! भाचीच्या वादनाचं ते रेकॉर्डिंग घरच्यांना पाठवलं, त्यांनी एका स्पीकरच्या साध्या मोबाईलवर ऐकलं, आणि पुतण्याचा फोन आला, “काका, मधले सूर पोकळ वाटून राहिले ना.” तो बरोबर होता.

तो नियम दोन वेगळी वाद्यं, प्रत्येकाला स्वतःचा माइक, अशा वेळेसाठी आहे. एकाच पियानोच्या स्टिरिओ जोडीला तो लावणाऱ्याने एकदा तरी आपलं रेकॉर्डिंग मोनोमध्ये ऐकावं.

नेमकं काय होतं ते एका सुरावर बघू. मिडल सीच्या वरचा सी घ्या. त्याचा हॅमर पियानोच्या मध्यापासून साधारण १० सेंटिमीटर उजवीकडे असतो. माझ्या जुन्या मांडणीत तिथून उजवा माइक ४३ सेंटिमीटरवर होता आणि डावा ६१ वर. फरक १८ सेंटिमीटर. तेवढ्या उशिराने आवाज दुसऱ्या माइकमध्ये पोहोचतो, आणि दोन्ही एकत्र केले की ज्या लहरीची अर्धी लांबी १८ सेंटिमीटर आहे ती कापली जाते: ९५० हर्ट्झच्या आसपास खड्डा. या सुराचा दुसरा हार्मोनिक १०४६ हर्ट्झवर, म्हणजे त्या खड्ड्याच्या काठावरच. सूर ऐकू येतो, पण आतून खाल्लेला.

तेच माइक एकमेकांपासून ३० सेंटिमीटरवर आणून हॅमरपासून ४५ सेंटिमीटर उंचीवर नेले की अंतरं ४५ आणि साडेएक्कावन्न होतात. फरक साडेसहा, खड्डा २६०० च्या पुढे. तिथे या सुराचा पाचवा हार्मोनिक आहे. तो दुबळा झाला तरी सुराचा गाभा शाबूत राहतो. खड्डे जात नाहीत, वर सरकतात, एवढंच. शिवाय आवाजाच्या वाटेतला फरक माइकमधल्या अंतरापेक्षा जास्त होऊच शकत नाही. ९० सेंटिमीटरला पहिला खड्डा १९० हर्ट्झपर्यंत खाली येऊ शकतो, थेट डाव्या हाताच्या साथीत. ३० ला तो ५७० च्या खाली येत नाही.

तेव्हा करायचं असं. पियानोचा मध्य मिडल सीवर नसतो, त्याच्या थोडा उजवीकडे, ई आणि एफच्या मधोमध असतो. तिथे रंगीत टेप चिकटवा. टेपच्या दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटिमीटरवर माइक, तोंड खाली आणि किंचित बाहेर. सुतळीने प्रत्येक माइकपासून त्या मधल्या हॅमरपर्यंतचं अंतर मोजा, दोन्ही सारखी हवीत. हे डोळ्याने करू नका, मी फसलोय.

मग मिडल सीच्या एक सप्तक खालपासून दोन सप्तकं वरपर्यंत, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या सारख्याच जोराने सावकाश वाजवून रेकॉर्ड करा. मोनो करून एकाच स्पीकरवर ऐका आणि पोकळ सूर कागदावर लिहा. तोच सूर एकट्या माइकवरही पोकळ लागत असेल तर दोष पियानोच्या हॅमरमध्ये आहे, माइक हलवून उपयोग नाही. फक्त मोनोत पोकळ असेल तर अंतर ५ सेंटिमीटरने कमी करून पुन्हा तेच. २० च्या खाली गेलात तर स्टिरिओ आक्रसतो. माझं बहुतेक वेळा २५ ते ३० मध्ये भागतं.

मोनोत जवळजवळ सगळाच आवाज बारीक झाला, तर एका चॅनेलची पोलॅरिटी उलटी आहे. बटण दाबून बघा. पण सॉफ्टवेअरमध्ये एक ट्रॅक मागेपुढे सरकवून ‘फेज जुळवा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. प्रत्येक सुराचा फरक वेगळा आहे. एक जुळवाल, शेजारचा बिघडेल.

लेव्हल सगळ्यात मोठ्या आवाजाला मायनस १० डेसिबलच्या आसपास. खर्ज डावीकडे, वादकाला ऐकू येतो तसा.

अंतर ठरलं की स्टँडच्या तिन्ही पायांभोवती फरशीवर टेपने खुणा करा आणि माइकची उंची भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवा. मग रेकॉर्डिंग सुरू होईपर्यंत कूलर लावला तरी चालेल.