शेवटच्या ओळीवर किती भार टाकाल? कथा लिहिणाऱ्यांनो, या चुका टाळा

पावसाळा लागला की आमच्या सांगलीत दिवाळी अंकासाठी कथांचा गठ्ठा जमायला लागतो आणि त्यातली पहिली चाळणी माझ्याकडं असते. मी कथा उलटी धरतो, म्हणजे आधी शेवटची ओळ वाचतो. दर वर्षी तेच. ‘त्या क्षणी त्याला जाणवलं, की आयुष्य म्हणजे…’ आणि पुढं काहीतरी. आयुष्य म्हणजे प्रवास, आयुष्य म्हणजे विझलेली चूल, आयुष्य म्हणजे एस.टी.चं रिकामं स्टँड. मग मी पहिल्या पानावर जातो आणि बघतो, या बिचाऱ्या ओळीखाली आधाराला काय दिलंय. बहुतेक वेळा काहीच नसतं.

1945 नंतरच्या नवकथेनं, म्हणजे गाडगीळ, गोखले, भावे आणि आपल्या माणदेशच्या माडगूळकरांनी, शेवटी कलाटणी देण्याचा जुना रिवाज मोडला. घटनेऐवजी माणसाच्या आत काय हललं ते महत्त्वाचं ठरलं. ते बरंच झालं, पण नव्या मंडळींनी त्यातून एक सोयीस्कर अर्थ काढला: कथेत काही घडलं नाही तरी चालेल, शेवटी एक जाणीव चिकटवली की ती आधुनिक होते. ही पळवाट आहे.

चूक पहिली: जाणीव होते, पण आधी चुकीची समजूतच नसते

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तासगावकडचा एक मुलगा कथा घेऊन आला होता. बाप आणि मुलगा बेदाण्याच्या सौद्याला जातात. ज्यांनी सौदा बघितलाय त्यांना माहीत आहे, व्यापारी बॉक्स फोडतात, माल ओतून बघतात, मूठ भरून चाखतात आणि बराचसा बेदाणा खाली पायदळी जातो. कथेतला बाप सौदा चालू असताना वाकतो आणि लोकांच्या पायांमधून सांडलेला बेदाणा गोळा करून खिशात भरतो. फार चांगलं दृश्य. आणि मग शेवटची ओळ: ‘त्याला जाणवलं, की आबांचं अख्खं आयुष्यच असं उधळलं गेलं होतं.’

मी म्हटलं, "ही ओळ काढ."

"सर, मग शेवटच राहत न्हाई की."

त्यानं ओळ बदलून आणली. ‘उधळलं’ऐवजी ‘तुडवलं’. पुन्हा बदलून आणली, या वेळी आबांच्या हाताच्या रेषा आल्या. मग फोन आला, "सर, शेवट बसंना झालाय, तुम्हीच एखादी ओळ सांगा." घाई म्हणजे किती! शेवट बसत नाही तेव्हा शेवटाशी झटापट करणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो, तो त्यालाही विचारला: सौद्याला जाताना त्या पोराला काय पाहिजे होतं?

तो गप्प. कारण कथेत पोराला काहीच नको होतं. तो नुसता उभा राहून बापाकडं बघत होता. ज्याला काही नको आहे, ज्याची कशाबद्दलही चुकीची समजूत नाही, त्याला शेवटी काय कळणार? मग कळतं ते लेखकाला, आणि लेखक ते पोराच्या तोंडात घालतो.

ही जाणीव पेलते कशी, त्याचा एक नमुना

जेम्स जॉइसच्या ‘डब्लिनर्स’ या 1914 सालच्या संग्रहात ‘अ‍ॅरबी’ नावाची कथा आहे. शेवटच्या ओळीवर तिच्याइतका भार फार थोड्या कथांनी टाकला असेल. वरच्या अंधाराकडं बघताना मुलाला तो स्वतःच दिसतो, पोकळ अहंकारानं हाकललेला आणि त्यानंच टिंगल केलेला एक जीव, आणि त्याचे डोळे यातनेनं आणि रागानं जळत असतात. ही ओळ सुटी काढून वाचली तर नाटकी आहे. माझ्या गठ्ठ्यात आली असती तर मी भुवया उंचावल्या असत्या. मग ती तिथं का टिकते?

पोराला पाहिजे काय, ते अगदी नेमकं आहे. मित्राची बहीण विचारते, ‘अ‍ॅरबी’ नावाच्या बाजाराला जाणार का? तिला स्वतःला जाता येत नाही, शाळेच्या कॉन्व्हेंटमध्ये धार्मिक शिबिर आहे. बोलताना ती मनगटातलं चांदीचं कडं फिरवत राहते. तो म्हणतो, गेलो तर तुझ्यासाठी काहीतरी आणीन. एवढंच. पण या ‘काहीतरी’वर तो आपली सगळी स्वप्नं रचतो. बाजारहाटाच्या गर्दीतून आपण शत्रूंच्या घोळक्यातून पवित्र पेला सांभाळून नेतोय, असं त्याला वाटत असतं. शेवटी जे फुटायचं आहे ते असं आधी, सावकाश, फुगवून ठेवलेलं आहे.

आता पैशाचा हिशेब बघा. काका रात्री नऊला घरी येतो, विसरलेला असतो, आणि पोराला एक फ्लोरिन देतो. म्हणजे दोन शिलिंग, चोवीस पेन्स. बाजारात पोचतो तेव्हा घड्याळात दहाला दहा कमी असतात. सहा पेन्सचं स्वस्त दार सापडत नाही, बंद होईल या भीतीनं तो अख्खा शिलिंग देऊन आत घुसतो. आत बहुतेक दुकानं बंद, दोन माणसं गल्ला मोजतायत, एका दुकानात एक मुलगी दोन तरुणांशी ‘मी असं म्हटलंच नव्हतं’, ‘म्हटलं होतंस’ असलं रिकामं बोलतेय. ती याला विचारते, काही घ्यायचंय का? स्वर असा, की घेऊ नये. तो नको म्हणतो आणि उगीच रेंगाळतो. मग खिशात दोन पेन्यांची नाणी सहा पेन्सच्या नाण्यावर पडू देतो. आठ पेन्स उरलेत. चोवीसातले बारा दारात गेले, बाकीचे चार वाटेत. आठ पेन्समध्ये चिनी मातीचं भांडं येत नाही. नंतर दिवे मालवतात.

शेवटच्या ओळीचं खरं काम या नाण्यांनी आधीच केलेलं आहे. पोराचं स्वप्न किती किमतीचं होतं ते खिशात वाजलं. ओळ फक्त त्याला नाव देते.

अजून एक बारकाई आहे, ती नवशिक्यांच्या नजरेतून हमखास सुटते. ‘अहंकारानं हाकललेला जीव’ हे त्या पोराचे शब्दच नव्हेत. पण ते आभाळातून पडत नाहीत, कारण कथा सांगणारा मोठा झालेला माणूस आहे आणि पहिल्यापासून तसाच बोलतो. तिचं नाव ऐकलं की आपलं मूर्ख रक्त उसळायचं, हे तो शेवटाच्या कितीतरी आधी म्हणून टाकतो. जड शब्द शेवटी वापरायचे असतील तर आवाज सुरुवातीपासून तेवढा जड लागतो. तुमचा ऊसतोडणी कामगाराचा दहा वर्षांचा पोरगा पाच पानं पोरासारखा बोलतो आणि शेवटच्या ओळीत ‘अस्तित्वाचं एकाकीपण’ म्हणतो, ते म्हणूनच खोटं वाटतं.

तरीही ‘अ‍ॅरबी’चा शेवट मला किंचित चढाच वाटतो. यापेक्षा एक शब्दही जास्त असता तर छत खाली आलं असतं.

बेदाण्याच्या कथेचं पुढं काय झालं

तो मुलगा रुसून गेला आणि बऱ्याच दिवसांनी परत आला. शेवटाला त्यानं हातही लावला नव्हता. दुसरं पान नवीन होतं. टेम्पोत बसल्याबसल्या पोरगा हिशेब करतोय: साठ बॉक्स, पंधरा किलोचा एक, म्हणजे नऊशे किलो. दर अमुक लागला तर दुकानाचं देणं फिटून मोबाईल येतो. बाप वाकून बेदाणा गोळा करायला लागतो तेव्हा तो म्हणतो, "सोडा की आबा, लोकं बघत्यात," आणि हळूच सरकून अडत्याच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहतो, जणू आपण एकटेच आलोय. अडत्या विचारतो, "कुणाचा रं तू?" पोरगा बोट दाखवतो. आबांची नुसती वाकलेली पाठ दिसतेय.

मी म्हटलं, इथंच थांब. आता वाटलं तर ‘त्याला स्वतःची लाज वाटली’ हे वाक्य तिथं राहू शकतं, ते कथेला पेलतं, कारण लाज कशाची ते आपल्याला माहीत आहे. पहिल्या मसुद्यात हेच वाक्य कोसळलं असतं. पण गरजही नाही. त्यानं ते ठेवलं नाही. शेवटची ओळ बदलत बसला असता तर अजून बसलाच असता.

चूक दुसरी: ‘आयुष्य म्हणजे’

शेवटची ओळ त्या माणसाबद्दल, त्या संध्याकाळीबद्दल बोलू शकते. सगळ्या मानवजातीबद्दल बोलायला लागली की तिचा कणा मोडतो. कॅथरीन मॅन्सफिल्डच्या ‘गार्डन पार्टी’त (1922) लॉरा बागेतल्या मेजवानीनंतर उरलेले पदार्थ टोपलीत घेऊन खालच्या वस्तीत जाते. तिथल्या एका गाडीवाल्याचा अपघाती मृत्यू झालेला असतो. डोक्यावर मेजवानीची टोपी तशीच, आणि मेलेल्या माणसासमोर ती म्हणते, माझ्या टोपीबद्दल माफ करा. बाहेर भाऊ भेटतो. ती म्हणते, ‘आयुष्य म्हणजे… आयुष्य म्हणजे नाही का…’ आणि तिला पुढं बोलता येत नाही. भाऊ म्हणतो, ‘हो ना, अगदी.’ त्याला काय कळलं देव जाणे! मॅन्सफिल्डनं ‘आयुष्य म्हणजे’ लिहिलं, पण वाक्य पुरं करू दिलं नाही, आणि ‘हो’ म्हणणारा माणूसही असा दिला की त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही कळत नाही.

हे वाचून काहीजण लगेच शेवटी तीन टिंबं द्यायला लागतात. टिंबांनी काही होत नाही. लॉराला बोलायला अडतं कारण तिनं टोपीसकट काहीतरी बघितलंय. तुमच्या नायिकेनं काय बघितलंय?

बाकीच्या, थोडक्यात

जाणीव झाल्यावर पुढं परिच्छेद नको. तो घरी गेला, त्यानं आईला मिठी मारली, दुसऱ्या दिवशी नोकरीचा राजीनामा दिला, हे सगळं कापा. जाणीव झाली म्हणून माणूस सुधारलाच पाहिजे असं नाही.

शीर्षक आणि शेवटची ओळ एकच ठेवू नका. शेवटी पाऊस पाडू नका, विशेषतः कथा मे महिन्यात जतला घडत असेल तर.

मी तपासतो कसा

माझी सवय साधी आहे. शेवटच्या ओळीवर पोस्टकार्ड ठेवतो आणि तिच्या आधीचा परिच्छेद वाचतो. अर्थ तिथंच पोचला असेल तर ओळ जाते, कितीही सुंदर असो. अर्थ पोचला नसेल तर ओळीला दोष देत नाही, मागं जातो आणि पेन्सिलीनं एक जागा शोधतो: या माणसानं स्वतःबद्दल चुकीचं काहीतरी ठामपणे कुठं मानलंय? ती जागा सापडली तर तिथून लिहायला लागा. सापडली नाही तर पहिल्या पानापासून लागा. ‘सर, अंकाची शेवटची तारीख परवा आहे’ असं सांगणाऱ्याला मी पुढच्या वर्षीच्या अंकाची तारीख देतो.